टोटल बरोबर, पण डाळ ओली की सुकी?

ताई, डाएटिशियनने मला दिवसाला १५०० कॅलरी आणि ६० ग्रॅम प्रोटीन सांगितलंय. मी पाच आठवडे एक्सेलमध्ये सगळं लिहितेय, काट्यावर तोलून. सोमवार ते शनिवारची सहा पानं सोबत जोडलीत, त्यातल्या मंगळवारच्या पानाची टोटल १५१० कॅलरी, ६८ ग्रॅम प्रोटीन. तरी मॅडम पान बघून म्हणाल्या, "या जेवणात ६८ नाहीये हो". मी कॅलक्युलेटरवर तीनदा बेरीज केली, बरोबरच येते. वजन मात्र आहे तिथंच. चूक कुठंय?
– स., मुलुंड

अगं स., बेरीज मी पण केली, चौथ्यांदा, आणि १५१० च आले. त्यामुळे कॅलक्युलेटर बाजूला ठेव, त्याचा काही दोष नाही. गडबड बेरजेत नाहीये, ज्या ओळींची बेरीज होतेय त्यातल्या एका ओळीत आहे, आणि मॅडमनी ती बहुतेक एका नजरेत पकडली असणार. ती ओळ म्हणजे रात्रीचं वरण.

तू लिहिलंयस, वरण १५० ग्रॅम, ५१० कॅलरी, ३३ ग्रॅम प्रोटीन. आता हे आकडे आले कुठून ते मला लगेच कळलं, कारण तूरडाळीच्या पाकिटावर १०० ग्रॅमला साधारण ३४० कॅलरी आणि २२ ग्रॅम प्रोटीन असं छापलेलं असतं, त्याला तू दीडने गुणलंस. गुणाकार पण बरोबर. फक्त पाकिटावरचा आकडा सुक्या डाळीचा असतो, पाकिटातून निघते तशा, आणि तू काट्यावर ठेवलीस ती शिजलेल्या वरणाची वाटी, ज्यात बहुतेक पाणीच आहे.

काल रात्री मी मुद्दाम हा प्रयोग घरी केला. तू पत्रात लिहिलंयस की चौघांसाठी एक मोठी वाटी डाळ लावतेस, माझ्याकडची तशी वाटी भरून डाळ १५० ग्रॅम भरली. कुकरला लावली, घोटली, फोडणी दिली, आमच्याकडे पातळ आवडतं तेवढं पाणी घातलं, आणि पातेल्यासकट तोललं तर १३७० ग्रॅम. रिकामं पातेलं ६२० चं. म्हणजे वरण ७५० ग्रॅम झालं, डाळीच्या पाचपट. तुझी १५० ग्रॅमची वाटी म्हणजे त्या पातेल्याचा पाचवा भाग, म्हणजे तिच्यात सुकी डाळ ३० ग्रॅम. ३० ग्रॅम डाळीत कॅलरी १०२ आणि प्रोटीन साडेसहा ग्रॅम. ३३ नाही. साडेसहा.

आता गंमत बघ, तुझ्या पानावर जी डाळ लिहिलीय ती १५० ग्रॅम सुकी, आणि घरात चौघांसाठी मिळून लावलीस ती पण साधारण तेवढीच! म्हणजे शीटच्या हिशोबाने अख्खं पातेलं तू एकटीने संपवलंस आणि सासूबाई, नवरा आणि मुलगा बिचारे कोरडा भात खाऊन झोपले. ही तपासणी नेहमी करत जा, कुठलीही ओळ मोठी वाटली की विचारायचं, हे घरात आलेल्या सामानाशी जुळतं का. रोज १५० ग्रॅम तूरडाळ म्हणजे महिन्याला साडेचार किलो एकट्या तुला. वाण्याची यादी काढून बघ, एवढी डाळ येते का घरात.

भाताच्या ओळीत तू ही चूक केली नाहीयेस बरं का. १५० ग्रॅम भाताला १९५ लिहिलेत, ते बरोबर आहे, कारण तिथे तुला नेटवर शिजलेल्या भाताचा आकडा सापडला, १०० ग्रॅमला १३० च्या आसपास. सुक्या तांदळाचा धरला असतास तर तिथेही पाचशेच्या वर गेली असतीस. नियम एवढाच, की काट्यावर जे ठेवलंय आणि टेबलात ज्याचा आकडा आहे ते एकाच अवस्थेत पाहिजे, सुकं तर सुकं, शिजलेलं तर शिजलेलं. वरण, उसळ, आमटी, पिठलं यांना शिजलेल्याचा भरवशाचा आकडा मिळत नाही कारण प्रत्येक घरी पाणी वेगळं, म्हणून तिथे पातेल्याची रीत. सुकं वजन आधी लिही, रिकाम्या पातेल्याचं वजन मार्करने त्याच्या बुडालाच लिहून ठेव (मी लिहिलंय, कामवाल्या मावशी अजून हसतात), भरलेलं तोल, वजा कर, मग स्वतःची वाटी तोल. हे रोज करायची गरज नाही, आठवडाभर केलंस की तुझ्या घरचं वरण कितीपट होतं ते कळेल आणि मग त्याच पटीने भागत जा. पाहुणे आले म्हणून पाणी वाढवलंस तर मात्र त्या दिवशी पट बदलली, हे लक्षात ठेव.

आता ही एक ओळ दुरुस्त केली की काय होतं? कॅलरीतून ४०८ गेल्या, उरल्या ११०२. प्रोटीन ६८ वरून साधारण ४२ वर. प्रोटीनचं ठीक, मॅडम बरोबर होत्या. पण ११०२ कॅलरी? इथे मी थांबले. पाच आठवडे रोज ११०० वर काढलेल्या बाईचं वजन जागचं हलत नाही असं सहसा होत नाही, आणि पत्रात तू कुठे भुकेने कासावीस झालीस असंही लिहिलं नाहीस. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा २०२० चा आकडा आहे, बैठं काम करणाऱ्या ५५ किलोच्या बाईला दिवसाला १६६० कॅलरी लागतात. तू रोज त्याच्या साडेपाचशे खाली असतीस तर पाच आठवड्यांत काटा थोडा तरी हलायला हवा होता. म्हणजे दुसरीकडे काहीतरी लिहायचंच राहून गेलंय, डाळीने जेवढं फुगवलं तेवढंच दुसऱ्या कशानेतरी दाबलं, आणि दोन चुका एकमेकींना खाऊन टोटल १५१० वर येऊन बसली. अशी टोटल फार फसवते, कारण टार्गेटला लागते म्हणून कोणी आत बघतच नाही.

मग मी फॅटचा कॉलम बघितला. दिवसाला २५ ग्रॅम. त्यातले १० दोन अंड्यांचे, ५ पोह्यांचे. पोळ्या, भेंडी, वरण असं सगळं जेवण, आणि तिघांत मिळून पाच ग्रॅम पण फॅट नाही? भेंडीची भाजी तू १०० ग्रॅमला ३५ कॅलरी लिहिलीयस, ती कच्च्या भेंडीची आहे, धुऊन पुसून ताटात ठेवलेल्या भेंडीची. भेंडी चिकट होऊ नये म्हणून परतताना किती तेल जातं ते तुला माहितीये आणि मलाही. फोडणीतलं तेल, पोळीला लावलेलं तेल, वरणाच्या वरची मोहरी-हिंगाची धार, यातलं काहीच पानावर नाही.

तेल मोजायला चमच्याच्या मागे लागू नकोस, विशेषतः फोडणी सासूबाई देत असतील तर अजिबातच नको, घरात वाद होतील. कॅनकडे बघ. पाच लिटरचा कॅन तुमच्याकडे साधारण सहा आठवडे जातो असं तू लिहिलंयस (पत्रातली ही सगळ्यात कामाची ओळ, आणि तू ती तक्रार म्हणून लिहिलीयस की तेल किती महागलंय). लिटरभर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, म्हणजे पाच लिटर साडेचार किलोच्या थोडं वर, ४५५० ग्रॅम. त्याला ४२ दिवसांनी आणि चार माणसांनी भागलं की माणशी रोजचे २७ ग्रॅम. तेलाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे २४३. त्यातलं एक चमचाभर तुझ्या पोह्यांच्या १८० मध्ये आधीच धरलेलं दिसतंय, ते काढलं तरी २२ ग्रॅम, जवळपास २०० कॅलरी रोजच्या, ज्या पानावर नव्हत्या. हा हिशोब ढोबळ आहे हे मान्य. तळणीचं उरलेलं तेल टाकलं, मुलगा कमी खातो, नवरा बाहेर जेवतो, यात पाच-सात ग्रॅम इकडेतिकडे होतील. पण शून्यापेक्षा खूप बरा. पुढचा कॅन उघडशील तेव्हा झाकणावर तारीख टाक.

पोळ्या तू ८० ने धरल्यास, तीन पोळ्या २४०. ही नेटवरची पोळी आहे, ती कोणाच्या घरची ते देव जाणे. तुझी पोळी किती जड आहे ते बघायला एक दिवस मळायच्या आधी पीठ तोल आणि पोळ्या मोज. ६०० ग्रॅम पिठाच्या वीस झाल्या तर एक पोळी ३० ग्रॅम पिठाची, १०० ग्रॅमला ३४० धरून १०२ कॅलरी आणि प्रोटीन सव्वातीन ग्रॅम. मी तुझ्यासाठी हेच धरलंय, तुझी जाड असेल तर बदल. तीन पोळ्यांच्या ३०६, म्हणजे ६६ वाढल्या. प्रोटीनही तीनने वाढलं, म्हणजे इथे तू स्वतःवर अन्याय केला होतास.

आणि चहा! पानावर सकाळी एक कप, ४० कॅलरी, बास. अंधेरीच्या ऑफिसात सकाळी अकरा आणि चार वाजता ट्रे फिरतो तेव्हा तू हात जोडून नको म्हणतेस यावर माझा विश्वास नाही, शिवाय पत्रातच लिहिलंयस की "चहाच्या वेळी शीट भरते". त्या चहाचा कप तरी भर की मग! कपात ६० मिली टोंड दूध आणि दोन छोटे चमचे साखर धरली तर साधारण ६५ कॅलरी, दोन कपांचे १३०, प्रोटीन साडेतीन.

आता परत मांडू. ११०२, त्यात तेल २००, पोळ्यांचे ६६, चहाचे १३०. झाले १४९८. मी हे करून स्वतःच हसले, कारण फिरून आपण परत १५०० वरच आलो, पण आत सगळं बदललं. कॅलरीचा आकडा पहिल्यापासून बरोबर होता, योगायोगाने. प्रोटीन मात्र ४२ अधिक पोळ्यांचे तीन अधिक चहाचे साडेतीन, असे ४८ च्या आसपास. तेल कॅलरीतली खोट भरून काढतं, प्रोटीनमधली नाही, तेलात प्रोटीन शून्य. म्हणून मॅडमना प्रोटीनमध्ये खटकलं आणि तुला कॅलरीत काहीच दिसलं नाही. वजनाचं म्हणशील तर १५०० आणि १६६० यातलं अंतर दीडशेचं, आणि असल्या हिशोबात शंभरभर तर असेच इकडेतिकडे होतात, त्यामुळे काटा हळूच हलणार किंवा हललेला दिसणारच नाही.

तुला कोणीतरी चार-चार-नऊची तपासणी सांगितली असेल, की प्रोटीन आणि कार्ब ग्रॅमला चार, फॅट नऊ, याची बेरीज कॅलरीच्या टोटलला लागली पाहिजे. मी तुझ्या पानावर लावून बघितली. प्रोटीन ६८, कार्ब २४७, फॅट २५, झाले १४८५, टोटल १५१०. पास! आणि डाळीची चूक मात्र जशीच्या तशी आत. कारण सुक्याच्या जागी ओलं तोललंस की कॅलरी, प्रोटीन, कार्ब सगळं एकाच पटीने फुगतं, आपापसातला मेळ बिघडतच नाही. लिहायचं राहिलेलं तेल पण या तपासणीला दिसत नाही, जे पानावरच नाही ते ती कशी पकडणार. ती कामाची आहे ती टायपिंगच्या चुकांना. म्हणजे पोषण संस्थेच्या २०१७ च्या टेबलातून आकडे घेतलेस, तर तिथे ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिलीय, डाळीपुढे तेराशेच्या वरचा आकडा दिसेल, तो ४.१८ ने न भागता तसाच टाकलास तर ही तपासणी लगेच बोंब मारेल. म्हणून खाली ती ठेव, पण पास झाली म्हणून निर्धास्त होऊ नकोस.

तुझ्या शीटमध्ये हे दोन फॉर्म्युले टाक, पहिला तोच चार-चार-नऊचा. C मध्ये कॅलरी, D प्रोटीन, E कार्ब, F फॅट धरलंय, ओळी २ ते १०:

```
=4*SUM(D2:D10)+4*SUM(E2:E10)+9*SUM(F2:F10)
=COUNTA(C2:C10)-COUNT(C2:C10)
```

दुसऱ्या ओळीचं उत्तर शून्य आलं पाहिजे. एखाद्या खान्यात तू "६० कॅ" असं अक्षरासकट टाइप केलंस तर एक्सेल त्याला मजकूर समजतं आणि SUM ते गुपचूप सोडून देतो, एरर पण दाखवत नाही. दही की केळं असं गायब झालेलं मी लोकांच्या शीटमध्ये कितीदा बघितलंय. आणि चहाच्या दोन ओळी आता शेवटच्या ओळीखाली घालशील तेव्हा SUM ची रेंज १२ पर्यंत गेली का ते बघ, ती आपोआप वाढेलच असं नाही.

तुझा लोहाचा कॉलम मी सोडूनच दिलाय. टोटल ५ मिलिग्रॅम आलीय आणि बाजूला तू लाल रंगात २९ लिहून घाबरलीयस. २९ हा बायकांसाठीचा आपल्याकडचा आकडा बरोबर आहे, पण नऊ ओळींपैकी चारच ओळीत लोह भरलंय, बाकी रिकाम्या, आणि रिकामं म्हणजे शून्य नव्हे, रिकामं म्हणजे तुला आकडा मिळाला नाही. बेरजेला हा फरक कळत नाही. तिथे टोटलच्या शेजारी "९ पैकी ४" असं लिही, म्हणजे तो "किमान ५" आहे हे तुझ्याच डोळ्यापुढे राहील. बाकीच्या ओळी भरेपर्यंत त्यावरून गोळ्या वगैरे सुरू करू नकोस.

आता बारा ग्रॅमची तूट. कॅलरीत जागा नाहीये, त्यामुळे नुसतं वाढवून चालणार नाही, काहीतरी काढून काहीतरी घालायला लागेल. रात्रीचा भात निम्मा कर, ९७ कॅलरी आणि दोन ग्रॅम प्रोटीन गेलं. त्या जागी भाजीत २५ ग्रॅम सोया चंक्स, ८५ च्या आसपास कॅलरी आणि १३ ग्रॅम प्रोटीन. झाले ५९, आणि कॅलरी उलट दहाएकने कमी. सोया नको असेल तर ५० ग्रॅम पनीर, पण त्याच्या दीडशेच्या आसपास कॅलरी होतात आणि प्रोटीन नऊ-दहाच, भाताच्या जागेत ते पूर्ण बसत नाही. मासे खात असशील तर बुधवारी-शुक्रवारी हा प्रश्नच नाही, बांगडा तव्यावर टाक, पण त्याच्या खालचं तेल या वेळी कॅनमधूनच गेलं हे विसरू नकोस. आणि सोया चंक्स तोलायचे ते भिजवायच्या आधी. भिजवून पिळल्यावर तोलून सुक्याचा आकडा लावलास तर आपण परत वरणापाशी.

आणि हो, रोजच्या आकड्यावर फार जीव टाकू नकोस, सात दिवसांची सरासरी काढ. सोमवार ते शनिवार सहा पानं तू पाठवलीस. रविवारचं कुठंय ते?